कानाला हात लावायचा नाही

फुटलेल्या मालाचे फोटो ग्राहक रागाने पाठवतात, पण पॅकिंग सुधारायचं तर त्यांच्याइतकी उपयोगी माहिती दुसरीकडे मिळत नाही. आमच्या स्टुडिओचा चिनी मातीचा जग ऑनलाइन विकायला लागल्यापासून असे फोटो साठत गेले होते. पॅकिंग आणि पाठवणीचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी आधी ते सगळे फोटो एका टेबलावर शेजारी शेजारी मांडले. शंभरात आठ-नऊ जग फुटून पोचत होते. त्यातल्या बहुतेकांचं पोट शाबूत होतं, तळाला चीर नव्हती, काठही धड होता. तुटला होता तो कान, आणि तोही वरच्या सांध्यातून, जिथे तो पोटाला चिकटवलेला असतो.

सगळं एकाच जागी तुटत असेल तर ‘कुरियरवाले खोके फेकतात’ हे उत्तर पुरत नाही. खोका फेकणारा माणूस दर वेळी कानाचा नेम धरून फेकत नाही. पॅकिंगच्या आतच काहीतरी मार कानाकडे वळवत होतं.

मापं सांगते, पुढे लागतील. जग 22 सेंमी उंच, पोटाचा व्यास 13 सेंमी, कान पोटापासून 5 सेंमी बाहेर आलेला. वजन 1.2 किलो, त्यात एकट्या कानाचं 80 ग्रॅमच्या आसपास. पॅकिंगची रीत जुनीच होती. सगळ्या जगाला बबल रॅपचे वेढे, कानाला ‘नाजूक आहे’ म्हणून दोन वेढे जास्त, आणि मग 26 × 22 × 17 सेंमीच्या खोक्यात उरलेल्या फटीत चुरगळलेला कागद. भिंत आणि जग यांच्यामध्ये जेमतेम 18 मिलिमीटर जागा.

हे 18 मिलिमीटर किती कमी आहेत ते कागदावरच कळतं. हातात मावणाऱ्या, दहा किलोच्या आतल्या पार्सलसाठी ‘इस्टा 1ए’ या चाचणीपद्धतीत पडण्याची उंची 760 मिलिमीटर धरलेली आहे. म्हणजे साधारण कंबरेच्या थोडं खालून. तिथून सुटलेला खोका जमिनीला टेकताना सेकंदाला 3.9 मीटर वेगात असतो. खोका थांबतो, पण आतली वस्तू त्याच वेगाने पुढे निघालेली असते, आणि तिला किती अंतरात थांबवायचं हे कुशन ठरवतं. अंतर जितकं कमी तितका झटका मोठा. झटका गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजतात, त्याला ‘जी’ म्हणतात. ढोबळ हिशोब असा: पडण्याची उंची भागिले कुशनची जाडी, गुणिले कुशनचा गुणांक. चांगला फोम योग्य भाराखाली असेल तर हा गुणांक 3 च्या आसपास येतो. 760 ला 18 ने भागून 3 ने गुणलं की 127 जी. बबल रॅप आणि कागद काही चांगला फोम नव्हे, त्यामुळे प्रत्यक्षात झटका याहून मोठाच असणार. नाजूक मालासाठी पॅकिंगच्या तक्त्यांत 40 ते 60 जी हा पट्टा दिलेला असतो. आम्ही 60 धरले. मग लागणारी जाडी 3 × 760 ÷ 60, म्हणजे 38 मिलिमीटर.

इथवर कुणीही म्हणेल, मग जाडी दुप्पट करा, विषय संपला. पण जाडी वाढवूनही कानाचं कोडं सुटत नव्हतं. 60 जीच्या झटक्यात 1.2 किलोचा जग क्षणभर 72 किलोचा होतो. खोका कानाच्या बाजूवर पडला की बबल रॅपमध्ये सगळ्यात पुढे आलेला भाग कोणता? कान. तो आधी कुशनला टेकतो आणि मागून येणारं ते 72 किलोचं पोट कानावर रेटतं. कान मोकळा असता, त्याला कुठेच काही टेकत नसतं, तर त्याच झटक्यात त्याच्या सांध्यावर फक्त त्याचं स्वतःचं वजन आलं असतं: 80 ग्रॅम गुणिले 60, म्हणजे पाचएक किलो. 72 आणि 5. कानाला दिलेले जादा वेढे त्याला वाचवत नव्हते, उलट तो आधी टेकेल याची खात्री करत होते.

म्हणून पहिला नियम ठरला: कानाला कशाचाही स्पर्श होऊ द्यायचा नाही. फोम नाही, कागद नाही, बबल रॅपही नाही. जग धरायचा तो पोटाला आणि तळाला. कान हवेत.

आता पोटाला आणि तळाला धरणार कशाने, हा प्रश्न. आमच्याकडे ईपीई, म्हणजे फुगवलेल्या पॉलिइथिलीनच्या फोमचे 4 सेंमी जाडीचे तक्ते होते. साहजिकच तळाखाली 11 सेंमी व्यासाची अख्खी चकती टाकून बघितली, चांगली गुबगुबीत दिसत होती. ती घेऊन मी भाड्याने मिळणाऱ्या चाचणी प्रयोगशाळेत गेले, जिथे वस्तूला झटका मोजणारा सेन्सर चिकटवून खोका टाकता येतो. (फोनमधला सेन्सर या कामाचा नाही. बहुतेक फोनमधला सेन्सर 8 किंवा 16 जीच्या पुढे मोजतच नाही, आणि काही मिलिसेकंदांत संपणारा झटका त्याच्या हाती नीट लागत नाही.) तळावर सपाट टाकल्यावर आकडा आला तो शंभरच्या पुढचा. 4 सेंमी फोम असूनही!

तिथल्या तंत्रज्ञाने खोका उघडला, चकती काढून अंगठ्याने दाबून बघितली आणि म्हणाला, “मॅडम, याला वापरलंच नाही तुम्ही. हा फोम दबलाच नाहीये.”

फोमचा गुणांक 3 येतो तो योग्य भाराखाली, असं मी वर म्हटलं, त्यातला सगळा अर्थ या ‘योग्य भारा’त आहे. निर्माते प्रत्येक फोमचा आलेख देतात. आडव्या अक्षावर फोमच्या दर चौरस सेंटिमीटरवर टेकणारं वजन, उभ्या अक्षावर वस्तूला बसणारा झटका. रेघ दरीसारखी असते. भार फार जास्त असेल तर फोम पूर्ण दबून तळाला लागतो आणि झटका वाढतो, हे कुणालाही पटतं. दरीचा दुसरा काठ मात्र सहज ध्यानात येत नाही: भार फार कमी असेल तर फोम दबतच नाही, आणि वस्तूच्या दृष्टीने तो लाकडी फळीसारखा वागतो. गादीवरून मुंगी चालली तर गादी थोडीच दबते! आमच्या चकतीचं क्षेत्रफळ 95 चौरस सेंमी. 1200 ग्रॅम त्यावर पसरले की दर चौरस सेंमीला 12.6 ग्रॅम. आम्ही घेतलेल्या फोमची दरी होती 30 ते 50 ग्रॅमच्या पट्ट्यात. फोम कमी नव्हता, जास्त होता.

तेव्हा फोम कापून कमी करायचा. 1200 भागिले 30, म्हणजे 40 चौरस सेंमी पुरे. पहिल्यांदा सुचतात ते चार कोपऱ्यांवरचे चार छोटे ठोकळे, दहा-दहा चौरस सेंमीचे. पण 4 सेंमी उंच आणि 3 सेंमी रुंद ठोकळा झटक्याखाली दबत नाही, वाकून आडवा होतो, आणि मग त्याचा काही उपयोग उरत नाही. यासाठी वापरात असलेला नियम असा की ठोकळ्याची रुंदी जाडीच्या निदान 1.33 पट हवी. 4 सेंमी जाडीला 5.3 सेंमी, म्हणजे एकेका ठोकळ्याला 28 चौरस सेंमी. असे चार ठेवले की पुन्हा 112, पुन्हा फळी. हलक्या आणि नाजूक मालाची हीच अडचण आहे: पुरेसा दबेल इतका कमी फोम ठेवावा तर तो वाकतो, आणि वाकणार नाही इतका ठेवावा तर दबत नाही. जड वस्तूला ही पंचाईत होत नाही.

सुटका दोन वाटांनी होते. एक, मऊ फोम घ्यायचा, ज्याची दरी कमी भाराला आहे. पॉलियुरेथेनचा मऊ फोम त्यातला. तो आम्ही सोडला, कारण आमच्या पुरवठादाराकडे तो ईपीईपेक्षा बराच महाग होता आणि गोदामात एकावर एक रचून ठेवला की खालचे तुकडे चपटे होत. दुसरी वाट, आकार बदलायचा. चकतीचा मधला भाग काढून टाकला: बाहेरचा व्यास 10, आतला 7 सेंमी. क्षेत्रफळ बरोबर 40 चौरस सेंमी. कड्याची भिंत दीड सेंमीची, म्हणजे नियमाने बघितलं तर ती वाकायला हवी. पण कडं बंद आकाराचं असल्यामुळे त्याची एक बाजू दुसरीला धरून ठेवते. जगाच्या तळाची कड नेमकी या कड्यावर बसते, हा बोनस. त्याच 4 सेंमी फोमवर, त्याच उंचीवरून, झटका साठीच्या घरात आला.

पोटासाठी दोन कॉलर केल्या: बाहेरून चौकोनी, आत गोल भोक, आणि एका कोपऱ्याकडे रुंद खाच, म्हणजे कान तिथून मोकळा बाहेर येईल. खालची कॉलर पोटाच्या खालच्या भागाला, वरची खांद्याला. काठाला आणि तोटीला काही टेकत नाही. वरून येणारा भार खांदाच घेतो.

कान कोपऱ्याकडे वळवण्यामागे खर्च होता. कुरियर कंपन्या खऱ्या वजनावर आणि आकारमानी वजनावर, दोन्हींतलं जे जास्त असेल त्यावर पैसे लावतात. आमच्या दरपत्रकात आकारमानी वजन म्हणजे लांबी × रुंदी × उंची सेंमीमध्ये, भागिले 5000, आणि उत्तर पुढच्या अर्ध्या किलोला वाढवायचं. जुना खोका 1.94, म्हणजे 2 किलो. सगळीकडून जवळपास 5 सेंमी जागा सोडणारा 32 × 28 × 23 चा खोका 4.12, म्हणजे साडेचार किलो. आत जग तोच, 1.2 किलोचा. कान भिंतीकडे काटकोनात ठेवला तर त्याच्या 5 सेंमीसाठी अख्खी एक बाजू लांबवावी लागते. तो कर्णावर ठेवला की चौकोनी खोक्याचा रिकामा कोपरा वापरात येतो. असा खोका 22 × 22 × 30 मध्ये बसला: 2.9, म्हणजे 3 किलो. उंची आणखी एक सेंमी हवी होती, म्हणजे वरच्या बाजूलाही पूर्ण 4 सेंमी मिळाले असते. पण 22 × 22 × 31 म्हणजे 15,004 घन सेंमी. चार घन सेंमीसाठी पार्सल साडेतीन किलोच्या पट्टीत गेलं असतं. म्हणून तळाला 4 आणि वर 3. ही मापं बाहेरची आहेत, हे विसरायचं नाही. खोकेवाला आतली मापं सांगतो, कुरियर बाहेरची मोजतो, आणि फुगलेला खोका असेल तर फुगीर भागावर मोजतो.

मग खऱ्या चाचण्या. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. भट्टीतून दोष घेऊन निघालेले जग आमच्याकडे असतातच, ते वापरले. जमीन काँक्रीटची हवी. लाकडी किंवा चटई टाकलेली चालत नाही. भिंतीवर 760 मिलिमीटरची खूण केली. ती खोक्याच्या सगळ्यात खालच्या बिंदूसाठी, मध्यासाठी नव्हे. क्रम ‘इस्टा 1ए’चाच: आधी कंपन, मग एक कोपरा, त्या कोपऱ्यातून निघणाऱ्या तीन कडा, सगळ्यात आखूड आधी, आणि शेवटी सहाही बाजू. एकूण दहा वेळा, एकाच खोक्यावर, मध्ये न उघडता. सपाट पडणं सोपं वाटतं, पण हातातून सोडलेला खोका थोडा कलला तर एक कड आधी टेकते आणि झटका बराच सौम्य होतो. म्हणून आम्ही खाली बिजागरी असलेली फळी केली, खटका ओढला की ती झटकन खाली पडते. कोपऱ्यावर टाकताना तो कोपरा खोक्याच्या गुरुत्वमध्याच्या नेमका खाली हवा, नाहीतर खोका टेकल्या टेकल्या गिरकी घेतो. फोन तिपाईवर लावून प्रत्येक पडणं स्लो मोशनमध्ये घेतलं. त्यात जे वाकडे पडले ते मोजले नाहीत.

कंपन मात्र प्रयोगशाळेतच केलं. टेबल 25 मिलिमीटर वरखाली होतं, आणि त्याचा वेग इतका वाढवतात की उडणाऱ्या खोक्याखालून दीड मिलिमीटरची पत्र्याची पट्टी सरकवता येते. तिथून 14,200 हादरे, साधारण तासभर. जुन्या पॅकिंगचं पितळ इथेच उघडं पडलं होतं. तासाभरानंतर चुरगळलेला कागद बसून गेला होता आणि जग एका भिंतीला जाऊन टेकला होता. म्हणजे खोका एकदाही पडायच्या आधी ते 18 मिलिमीटर एका बाजूला शून्य झालेले. कॉलरमधला जग हलला नाही.

कान हवेत आहे खरा, पण पोट दबणाऱ्या फोमवर पुढे सरकतं आणि त्याच्याबरोबर कानही भिंतीकडे जातो. तो टेकतो की नाही हे बंद खोक्यात दिसणार कसं? कानाच्या टोकाला मॉडेलिंग क्लेचा गोळा चिकटवायचा. खोका उघडल्यावर गोळा जितका चपटा, तितका कान भिंतीजवळ गेला होता. हिशोबाने कान आणि भिंत यांच्यात 1.9 सेंमी होते. गोळे दोन्ही बाजूंनी चपटे निघाले. म्हणून कॉलरमधलं भोक विरुद्ध कोपऱ्याकडे, दोन्ही भिंतींच्या दिशेने अर्धा-अर्धा सेंमी सरकवलं. कानाला 2.4 सेंमी मिळाले, दुसऱ्या दोन बाजूंचा फोम थोडा कमी झाला, तरी 37 मिलिमीटर उरला. त्यानंतर गोळा गोल राहिला.

आता पैशांचा हिशोब. आकडे प्रमाणात देते: जग घडवायचा खर्च 100 धरला, तर आमचं कुरियर दर किलोला 8 पडतं. जुनं पॅकिंग: कुरियर 16, सामान 9, पॅक करणाऱ्याचा वेळ 5, बेरीज 30. फुटलेला एक जग म्हणजे नवा जग 100, पुन्हा पाठवणं 30, तक्रार निस्तरण्यात 20, एकूण 150. शंभरात नऊ फुटले तर दर ऑर्डरमागे 13.5. खरा खर्च 43.5.

मोठ्या खोक्यात भरपूर बबल रॅप: कुरियर 36, सामान 15, वेळ 7, बेरीज 58. एकही जग फुटला नाही तरी हे जुन्यापेक्षा महाग. ‘जास्त गुंडाळा’ हा सल्ला इथेच बाद होतो, आणि तो देणाऱ्याने आकारमानी वजन कधी मोजलेलं नसतं.

कॉलरचं पॅकिंग: कुरियर 24, सामान 11, वेळ 3, बेरीज 38. फूट शंभरात एकावर आली, ते धरून 39.6. जुन्यापेक्षा ऑर्डरमागे जवळपास 4 वाचले. फार मोठी रक्कम नाही. शिवाय फोम कापायची डाय करावी लागली, तिचा खर्च 1200. तो वसूल व्हायला तीनशेच्या वर ऑर्डर लागतात. महिन्याला दहाच जग विकणाऱ्याने डाय करू नये, कटरने हाताने कापावं आणि वेळेचे आकडे वाढवून हिशोब पुन्हा मांडावा.

या टप्प्यावर जग घडवणाऱ्या दादाने कागद ओढून घेतला आणि विचारलं, “बावीसच्या जागी वीसचा खोका का नाही?” प्रश्न रास्त होता. 20 × 20 × 30 म्हणजे 2.4, अडीच किलोची पट्टी, कुरियरमध्ये आणखी 4 वाचतात. फुटण्याचा खर्च आता 158 च्या आसपास, म्हणजे फूट शंभरात अडीचने वाढली तर बचत शून्य. त्याहून कमी वाढली तर वीसचा खोका फायद्याचा. आम्ही तो करून बघितला. कानासमोरच्या दोन बाजूंचा फोम 2.7 सेंमीवर आला आणि कानाला 1.4 सेंमीच उरले. गोळा पापडासारखा चपटा. पहिल्या काही पडण्यांत कान तुटला नाही, आणि त्यावरूनच तो पास म्हणायचा मोह झाला. पण त्याच नमुन्यांवर दहाची मालिका पूर्ण केल्यावर कानाकडच्या बाजूंवर पडताना जुन्याच सांध्यातून तुकडे पडायला लागले. ईपीई प्रत्येक दणक्यानंतर पूर्ण मूळ जाडीला येत नाही, त्यामुळे पहिल्यापेक्षा पाचवा दणका वाईट असतो. किती टक्के वाढेल हे दोषी मालाच्या मूठभर नमुन्यांवरून सांगता येत नव्हतं, पण अडीचच्या आत राहील याची हमी मी घ्यायला तयार नव्हते. बावीसच ठेवला.

वाद तिथे मिटला नाही, फक्त त्याची जागा बदलली. कान 5 ऐवजी 4 सेंमी बाहेर काढला तर वीसच्या खोक्यात त्याला दोन सेंमीच्या थोडी वर मोकळीक मिळते. बाजूचा फोम तेवढाच पातळ राहतो, त्यामुळे झटका ऐंशीच्या पुढे जाईल, पण कान टेकणार नाही. मी हे मांडल्यावर दादाने शेल्फवरचा जग उचलला, कानात चार बोटं घालून दाखवली आणि म्हणाला, चार सेंमीत बोटांची पेरं गरम पोटाला लागतील. मी म्हटलं, एक नमुना कर, पाणी भरून धरून बघू. तो नमुना या भट्टीत आहे.